ग्रॅम-ऋण रक्तप्रवाह संसर्ग : प्रतिजैविके सात दिवस की चौदा

जीवाणू रंगवून ओळखण्याच्या ग्रॅम-रंजन पद्धतीत गुलाबी दिसणारे जीवाणू रुग्णाच्या रक्ताच्या कल्चरमध्ये वाढले आणि त्याबरोबर संसर्गाची लक्षणेही असली, तर त्या अवस्थेला ग्रॅम-ऋण रक्तप्रवाह संसर्ग म्हणतात. एश्चेरिशिया कोलाय (ई. कोलाय) हा त्यातील सर्वांत नेहमीचा जीवाणू असून त्याखालोखाल क्लेब्सिएला आढळतो. या जीवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचे विषारी द्रव्य असते. त्यामुळे हुडहुडी भरून ताप येतो आणि काही रुग्णांचा रक्तदाब झपाट्याने उतरतो. जीवाणू रक्तात सापडत असला तरी त्याचे मूळ ठाणे बहुधा दुसरीकडे, म्हणजे मूत्रपिंडात, पित्तनलिकेत, आतड्यात, फुप्फुसात किंवा शिरेत घातलेल्या कॅथेटरमध्ये असते. उपचार किती दिवस चालवायचे हे ठरवताना रक्तापेक्षा या ठाण्याचा विचार अधिक निर्णायक ठरतो.

अनेक दशके अशा रुग्णांना सरसकट चौदा दिवस प्रतिजैविके दिली जात. हा आकडा कोणत्याही तुलनात्मक चाचणीतून आलेला नव्हता. दोन आठवडे ही मोजायला सोपी मुदत होती आणि ती तशीच रूढ झाली. त्या रूढीची खरी परीक्षा अलीकडेच झाली. इस्राएल व इटलीतील 604 रुग्णांवरील, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सातव्या दिवशी ज्यांचा रक्तदाब स्थिर होता आणि ज्यांना किमान 48 तास ताप नव्हता, अशांनाच सात किंवा चौदा दिवसांच्या गटात घेतले होते. मृत्यू, संसर्ग उलटणे, गुंतागुंत, पुन्हा दाखल होणे किंवा रुग्णालयातील मुक्काम लांबणे, यांपैकी काहीतरी 90 दिवसांत घडण्याचे प्रमाण सात दिवसांच्या गटात 45.8 टक्के आणि चौदा दिवसांच्या गटात 48.3 टक्के होते.

यानंतरची ‘बॅलन्स’ ही चाचणी बरीच मोठी होती. कॅनडातून चालवलेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सात देशांतील 74 रुग्णालयांमधले 3,608 रुग्ण होते. त्यांत इतर जीवाणूंचे रुग्णही असले तरी बहुसंख्य ग्रॅम-ऋण संसर्गाचे होते, आणि निम्म्याहून अधिक रुग्ण अतिदक्षता विभागातले होते. 90 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण सात दिवसांच्या गटात 14.5 टक्के व चौदा दिवसांच्या गटात 16.1 टक्के आढळले. या आकड्यांवरून सात दिवसांचा उपचार अधिक चांगला ठरत नाही. छोट्या उपचारामुळे मृत्यू चार टक्के-बिंदूंहून अधिक वाढू नयेत, अशी मर्यादा आधीच आखलेली होती आणि सात दिवसांचा उपचार तिच्या आत राहिला, एवढेच त्यांतून सिद्ध होते. सात दिवस ठरवून दिलेल्या गटातील जवळजवळ एकचतुर्थांश रुग्णांना प्रत्यक्षात अधिक दिवस औषध मिळाले, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. मात्र नेमून दिलेली मुदत पाळलेल्यांचा वेगळा हिशोब केल्यावरही निष्कर्ष बदलला नाही.

व्यवहारात सर्वाधिक चूक होते ती दिवस मोजण्यात. पहिला दिवस म्हणजे रुग्णालयात दाखल झाल्याचा दिवस नव्हे. त्या विशिष्ट जीवाणूवर खरोखर चालणारे औषध ज्या दिवशी सुरू झाले, तो पहिला दिवस होय. आणि संसर्गाचे ठाणे मोकळे करण्यास त्याहून उशीर झाला असेल, तर बरेच डॉक्टर त्या दिवसापासून मोजतात.

समजा, मधुमेह असलेली 62 वर्षांची स्त्री सोमवारी थंडी-तापाने दाखल झाली. रक्तदाब 90/60 होता. कल्चरसाठी रक्त घेऊन सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू झाले. मंगळवारी कल्चरच्या बाटलीत ग्रॅम-ऋण दंडाणू दिसले, आणि सोनोग्राफीत उजव्या मूत्रनलिकेत अडकलेला खडा व त्यामुळे फुगलेले मूत्रपिंड आढळले. बुधवारी सेन्सिटिव्हिटीचा अहवाल आला तेव्हा ई. कोलाय सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद देत नसल्याचे कळले. त्याच दुपारी मेरोपेनेम सुरू झाले आणि संध्याकाळी डीजे स्टेंट घालून तुंबलेल्या लघवीला वाट करून दिली गेली. येथे पहिला दिवस बुधवार धरायचा. सोमवारपासून मोजले असते तर रविवारी औषध थांबले असते आणि रुग्णाला परिणामकारक उपचार फक्त पाच दिवस मिळाला असता.

शुक्रवारी रात्री शेवटचा ताप आला. पुढच्या मंगळवारी, म्हणजे सातव्या दिवशी, रुग्ण जेवत होती, रक्तदाब औषधाच्या आधाराविना स्थिर होता आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन उतरत होते. अशा रुग्णाचे प्रतिजैविक मंगळवारच्या शेवटच्या मात्रेनंतर थांबवता येते. खडा अजून आत आहे, पण अडथळा दूर झाला आहे. खडा काढण्यापूर्वी लघवीचे कल्चर करून त्या प्रक्रियेपुरते औषध वेगळे दिले जाते. जीवाणू सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला प्रतिरोधी होता, एवढ्यावरून मुदत वाढवण्याचे कारण नाही, कारण चालणारे औषध मिळाल्यावर प्रतिरोधी जीवाणूही तेवढ्याच दिवसांत आटोक्यात येतो. भारतात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. येथे ई. कोलाय व क्लेब्सिएला यांच्यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन अनेकदा चालत नाही, तोंडाने घेण्याजोगा पर्याय उरत नाही, आणि मग वाढीव सात दिवस म्हणजे शिरेतून मेरोपेनेमचे, सलाईनच्या सुईचे आणि खाटेच्या खर्चाचे सात दिवस असतात.

या स्त्रीच्या रक्तातील सीआरपी, म्हणजे शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन, 240 वरून 48 वर आले असते, तर थांबण्याच्या निर्णयाला आधार मिळाला असता. स्वित्झर्लंडमधील 504 रुग्णांवरील, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटासाठी ताप जाऊन 48 तास झाल्यावर आणि सीआरपी उच्चांकापासून तीनचतुर्थांश उतरल्यावर औषध थांबवायचे, असा नियम होता; उरलेल्या दोन गटांना सात आणि चौदा दिवसांची ठरावीक मुदत होती. सीआरपीवर चालणाऱ्या गटातील निम्म्या रुग्णांचे औषध सात दिवसांत थांबले आणि 30 दिवसांतील अपयश तिन्ही गटांत कमीच राहिले. म्हणून सीआरपी पूर्ण सामान्य होण्याची वाट पाहणे अनावश्यक आहे. आठवडाभर टिकणारा थकवा हेही औषध लांबवण्याचे कारण ठरत नाही.

सात दिवसांचा नियम कोठे लागू होत नाही, हे त्या चाचण्यांतून वगळलेल्या रुग्णांवरून कळते. हृदयाच्या झडपेचा किंवा हाडाचा संसर्ग आणि न काढलेला पू यांना अधिक काळ लागतो. क्लेब्सिएलाचे काही प्रकार यकृतात गळू करून डोळ्यापर्यंत पोहोचतात, त्यामुळे अशा रुग्णाने दृष्टी धूसर झाल्याचे सांगताच नेत्रतपासणी करावी लागते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी फार कमी झालेले व अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण ‘बॅलन्स’मध्ये नव्हते, म्हणून त्यांच्याबाबत निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. टायफॉइड आणि ब्रुसेल्लोसिस यांच्या मुदती वेगळ्या आहेत. पश्चिम किनारपट्टीवर पावसाळ्यात आढळणारा मेलिऑइडोसिसही ग्रॅम-ऋण जीवाणूचाच आजार आहे, परंतु त्यात शिरेतून किमान 10 ते 14 दिवस औषध दिल्यानंतर किमान तीन महिने तोंडाने औषध घ्यावे लागते. म्हणून कल्चरच्या अहवालात जीवाणूचे पूर्ण नाव येईपर्यंत मुदत ठरवत नाहीत.

सातव्या दिवशीही ताप असेल, तर त्याच औषधाचे आणखी सात दिवस लिहून देणे हे चुकीचे उत्तर आहे. अशा वेळी रक्ताचे कल्चर पुन्हा घेतात, पोटाचे सीटी स्कॅन करून न निचरलेला पू किंवा अडथळा शोधतात आणि शिरेतील जुने कॅथेटर बदलतात. औषध थांबवल्यानंतर संसर्ग उलटण्याचे प्रमाण ‘बॅलन्स’मध्ये सात दिवसांच्या गटात 2.6 टक्के आणि चौदा दिवसांच्या गटात 2.2 टक्के होते. घरी जाताना रुग्णाला हेच सांगितले जाते की, पुन्हा थंडी वाजून ताप आला तर उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत; आधी कल्चरसाठी रक्त द्यावे.