तीन वर्तुळांची वही: शेडिंग कुठे करायचे, फुली कुठे मारायची

दोन विधानांतून एखादा निष्कर्ष निघतो का, हे तीन वर्तुळांच्या आकृतीने तपासायची ही वही. दादरच्या आमच्या दुकानातून ती नेणाऱ्यांपैकी बरेच जण आठवड्याभरात परत येतात आणि विचारतात, "वर्तुळे तर काढली, मग उत्तर उलटे का येते?" वही उघडून पाहिली की बहुतेकदा एकच चूक दिसते, म्हणून हे माहितीपत्रक वहीत घालून देत आहोत.

चुकीचे मूळ नववीच्या गणितात आहे. संचांच्या धड्यात छेद किंवा संयोग दाखवताना आपण हवा तो भाग रंगवतो. विधान-निष्कर्षाच्या वर्तुळांत नेमके उलटे असते. इथे रंगवलेला भाग म्हणजे रिकामा भाग, तिथे कोणीही नाही. जिथे निदान एक जण नक्की आहे तिथे फुली मारायची. कोऱ्या भागाबद्दल काहीच माहिती नाही. तिथे कोणी असेल किंवा नसेलही. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १८८० साली ही वेन आकृतीची पद्धत मांडली तेव्हापासून शेडिंगचा हाच अर्थ आहे.

आता एक उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर करून पाहा.

काही डबेवाले वारकरी आहेत.
सर्व वारकरी माळकरी आहेत.
निष्कर्ष: काही डबेवाले माळकरी आहेत.

वर डावीकडे डबेवाले, वर उजवीकडे माळकरी आणि खाली वारकरी असे लिहा. सुरुवात दुसऱ्या विधानाने करायची, कारण 'सर्व' किंवा 'एकही नाही' असे विधान नेहमी आधी घ्यावे. सर्व वारकरी माळकरी असतील, तर माळकऱ्यांच्या वर्तुळाबाहेर वारकरी उरत नाही. म्हणून वारकरी वर्तुळाचा माळकरी वर्तुळाबाहेरचा सगळा भाग रंगवा. हा भाग दोन तुकड्यांचा आहे: तळाचा मोठा, आणि डावीकडे डबेवाल्यांशी जुळणारी पाकळी. ही पाकळी हमखास विसरली जाते. पेन्सिलने तिरप्या रेघा मारल्या तरी पुरे, भाग काळा करायची गरज नाही.

मग पहिले विधान. डबेवाले आणि वारकरी या दोन वर्तुळांच्या सामाईक भागात फुली हवी. त्या भागाचेही दोन तुकडे आहेत, पण एक आधीच रंगवला आहे, म्हणजे तिथे कोणी असू शकत नाही. त्यामुळे फुली उरलेल्या तुकड्यात, अगदी मध्यभागी जाते. फुली आधी मारली असती तर दोन तुकड्यांतला कुठला घ्यायचा, इथेच अडला असता.

निष्कर्ष मात्र काढायचा नाही, नुसता बघायचा. डबेवाले आणि माळकरी यांच्या सामाईक भागात फुली आहे का? आहे. निष्कर्ष निघतो. निष्कर्षासाठी एखादी रेघ जरी वाढवावीशी वाटली, तरी समजा की तो विधानांतून आलेला नाही.

आता विधाने थोडी बदलू.

सर्व वारकरी माळकरी आहेत.
काही डबेवाले माळकरी आहेत.
निष्कर्ष: काही डबेवाले वारकरी आहेत.

शेडिंग तेच. फुली आता डबेवाले आणि माळकरी यांच्या सामाईक भागात हवी. त्याचे दोन तुकडे, एक वारकरी वर्तुळाच्या आत, एक बाहेर, आणि दोन्ही कोरे. कुठला ते विधाने सांगत नाहीत, म्हणून फुली त्या दोन तुकड्यांमधल्या रेषेवरच मारायची. रेषेवरची फुली कोणत्याच बाजूची नक्की नसते, म्हणून हा निष्कर्ष निघत नाही.

इथे गिऱ्हाईक वाद घालते: "अहो, पण डबेवाल्यांत वारकरी असतातच की!" असतात, पण ते आपल्याला बाहेरून माहीत आहे, या दोन विधानांतून ते कळत नाही. शंका वाटली तर शब्द बदलून पाहा. सर्व पापलेट मासे आहेत, काही बोंबील मासे आहेत, म्हणून काही बोंबील पापलेट आहेत? साच्यात काही फरक नाही, पण हे मासळीबाजारात कोणी ऐकून घेणार नाही.

एका ठिकाणी मात्र आकृतीपेक्षा पेपर पाहावा लागतो. 'सर्व वारकरी माळकरी आहेत, सर्व वारकरी शाकाहारी आहेत, म्हणून काही माळकरी शाकाहारी आहेत' हे काढून पाहा. दोन्ही विधानांचे नुसते शेडिंग होते, फुली एकही नाही. कॉलेजच्या तर्कशास्त्रात वेन आकृतीप्रमाणे हा निष्कर्ष निघत नाही, कारण वारकरी आहेत असे कुठेच म्हटलेले नाही. बँकेच्या परीक्षांत मात्र नाव घेतलेल्या प्रत्येक गटात निदान एक जण आहे असे धरतात. त्या पेपरसाठी दोन्ही विधानांचे शेडिंग झाल्यावर वारकरी वर्तुळात जो एकच कोरा तुकडा उरतो, त्यात गोल केलेली फुली मारा. गोल यासाठी, की ही फुली विधानाची नाही, गृहीत धरलेली आहे, हे तपासताना लक्षात राहावे. मग तोच निष्कर्ष निघतो.