पाइपाच्या पोटाखालची फट

‘नवा बांध आहे, पहिल्या पावसाळ्यात पाझरणारच. माती बसली की आपोआप थांबेल.’ गावतळ्याचा मातीचा बांध झाला की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ते अर्धं खरं आहे. चांगल्या दाबलेल्या चिकणमातीतून पाणी झिरपतंच, पण इतकं कमी की बांधाच्या मागच्या पायथ्याशी फक्त ओल दिसते. पायथ्याशी पाणी वाहताना दिसलं, तर ते मातीतून आलेलं नसतं, फटीतून आलेलं असतं. आणि फट माती बसल्याने बुजत नाही. बऱ्याचदा माती बसल्यामुळेच ती पडलेली असते.

मराठवाड्यातल्या एका गावतळ्याची गोष्ट घेऊ. बांध ६० मीटर लांब, मधोमध ५ मीटर उंच, माथा ३ मीटर रुंद, दोन्ही बाजूंचा उतार अडीचास एक. नाल्याच्या तळापासून ९० सेंटिमीटर वर, बांधाच्या आरपार, ३०० मिलिमीटरचा सिमेंटचा ह्यूम पाइप टाकलेला. त्याची लांबी २४ मीटर, झडप पाण्याच्या बाजूला. जुलैत तळं सांडव्याला वीतभर कमी इतकं भरलं आणि मागच्या बाजूला, पाइप जिथे बाहेर येतो त्या दगडी भिंतीच्या बुडातून पाणी वाहू लागलं.

गावकऱ्यांनी सिमेंट आणि पोती आणून ते तोंड बुजवलं. दुसऱ्या दिवशी दोन मीटर बाजूला नवी ओल आली. हे होणारच होतं. बाहेरचं तोंड बंद केलं की आत अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि ते मातीत नवी वाट शोधतं. चौकात मग दोन कारणं पुढे आली. कुणी म्हणालं जागेला बोकड दिला नाही, कुणी म्हणालं खेकड्यांनी बांध पोखरला. खेकड्यांचं कारण आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली, तेव्हाही खेकड्यांवर बोट ठेवलं गेलं होतं. खेकडे बिळं करतात, पण साधारण पाण्याच्या काठालगत. बोकडाची गोष्ट तपासता येत नाही. खेकड्याची मात्र तपासता येते.

जलसंधारणाच्या कामावरची तरुण अभियंता आली तेव्हा भिंत बांधणारे गवंडी तात्या तिथेच होते. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्य विहिरींची बांधकामं आणि नाल्यावरचे दगडी बंधारे करण्यात गेलेलं. तिने आधी सिमेंट फोडून तोंड मोकळं करायला लावलं. त्यावर वीतभर धुतलेली वाळू आणि तिच्यावर खडी टाकून घेतली, म्हणजे पाणी येईल पण मातीचे कण वाळूत अडतील. मग झडप बंद ठेवून पाइपात टॉर्च मारला. आतून पाइप कोरडा होता. सांधे गळत नव्हते, पाणी पाइपाच्या बाहेरून येत होतं.

मग तिने १५ लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेतलं. तळ्यातलं पाणी पाइपाच्या पातळीपासून २.४ मीटर वर होतं, तेव्हा बादली ४० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला साडेबावीस लिटर, दिवसाला सुमारे ३२ हजार लिटर. त्याच पाण्याची एक काचेची बाटली रोज भरून सावलीत ठेवली. पहिल्या तीन दिवसांच्या बाटल्या नितळ राहिल्या. चौथ्या दिवशीच्या बाटलीच्या तळाशी मातीचा पातळ थर बसला. हे लक्षण महत्त्वाचं. नितळ गळती म्हणजे नुसतं पाणी जातंय, गढूळ गळती म्हणजे बांध जातोय.

झडप उघडून तळं उतरवायचं ठरलं, तेही दिवसाला वीतभरच. पाणी झपाट्याने उतरलं तर भिजलेला आतला उतार आधार गेल्यामुळे घसरतो. उतरताना रोज काही वेळ झडप बंद करून बादली लावली जात होती. पाणी पाइपापासून १.८ मीटरवर आलं तेव्हा बादलीला ५३ सेकंद लागले आणि १.२ मीटरवर ७९.

हे तीन आकडे बरंच काही सांगतात. पाण्याची उंची निम्मी झाली तर गळतीही जवळजवळ निम्मी झाली. तीच रेघ खाली वाढवली, तर गळती पाइपाच्या पातळीला शून्य होते. काठाजवळच्या खेकड्याच्या बिळातून पाणी येत असतं, तर पातळी बिळाखाली जाताच गळती एकदम थांबली असती. पायाखालच्या मुरमातून, म्हणजे बांधाखालचा चर खडकापर्यंत न नेल्यामुळे येत असतं, तर शून्य नाल्याच्या तळाशी, ९० सेंटिमीटर खाली गाठलं गेलं असतं. मग १.२ मीटरला बादली ७९ ऐवजी ६३ सेकंदांतच भरली असती. अभियंत्याचा मूळ संशय चरावर होता. आकड्यांनी तो खोडून काढला.

पाइपाजवळ गळती आहे एवढं कळलं, पण का, ते तात्यांनी विचारलेल्या प्रश्नाने उलगडलं. ‘मॅडम, पायपाच्या पोटाखाली कुणी हात घातला व्हता का?’

त्यांनी आठ मिलिमीटरची सळई घेतली आणि भिंतीच्या कडेने दोन दगड काढून ती पाइपाच्या खालच्या बाजूला सरकवली. बरोबर खाली, सहाच्या काट्याशी, सळई बोटभरही गेली नाही. वरच्या अंगालाही माती घट्ट. पण घड्याळातल्या चार आणि आठच्या काट्यांच्या जागी सळई हातभर आत गेली, जणू लोण्यात.

गोल पाइपाचं पोट हीच खरी अडचण आहे. रोलर किंवा धुमस मातीला वरून खाली दाबतो. पाइपाच्या कुशीत, जिथे त्याची गोलाई आत वळते, तिथे वरून दाब पोचतच नाही, कारण वर पाइपच आडवा येतो. तिथे जेसीबीने टाकलेली काळ्या मातीची सुकी ढेकळं तशीच राहतात. पावसाळ्यात ती भिजतात, विरघळतात आणि खाली बसतात. पाइपाखालचा ९० सेंटिमीटरचा भराव एक टक्का जरी बसला, तरी नऊ मिलिमीटर खाली जातो. पाइप ताठ, तो बरोबर खाली येत नाही. मग पोटाखाली फट उरते.

तात्यांच्या शब्दांत: ‘माती बसताना सरळ खाली जाती. भिंत खाली रुंद असली तर माती तिला घासत बसती, घट होती. भिंत खालून आत गेलेली असली तर माती तिला सोडून बसती.’ धरणांच्या कामातही म्हणून मातीला टेकणाऱ्या काँक्रीटच्या बाजू दहास एक इतक्या तिरक्या, खाली रुंद ठेवतात. गोल पाइपाचा खालचा अर्धा भाग याच्या नेमका उलट असतो.

आता फट किती असावी? इथे पाण्याचा एक विलक्षण नियम कामाला येतो. दोन सपाट पृष्ठांमधल्या अरुंद फटीतून शांतपणे वाहणारं पाणी फटीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. जाडी दुप्पट झाली की पाणी आठपट. पाण्याची उंची २.४ मीटर, वाट २४ मीटर लांब, म्हणजे दर दहा मीटरला एक मीटर उतार. पाइपाच्या खालच्या अर्ध्या घेराची रुंदी जेमतेम ६० सेंटिमीटर. हे आकडे घालून दोन मिलिमीटरच्या, काडेपेटीतल्या काडीएवढ्या फटीतून मिनिटाला सुमारे साडेतेवीस लिटर पाणी येतं. बादलीने सांगितले होते साडेबावीस. उलट, नीट दाबलेल्या चिकणमातीच्या साठ मीटर लांब अख्ख्या बांधातून झिरपणारं पाणी सढळ हिशोबानेही दिवसाला शंभर लिटरच्या आत राहतं.

फट एक मिलिमीटर असती तर मिनिटाला तीनच लिटर आले असते, कुणी लक्षही दिलं नसतं. पण पाणी कण ओढून नेऊ लागलं आणि फट चार मिलिमीटर झाली, तर हिशोबाने आठपट. प्रत्यक्षात प्रवाह खळखळू लागल्याने त्याहून काहीसं कमी, पण जास्त पाणी म्हणजे जास्त वेग, जास्त वेग म्हणजे आणखी माती, आणि फट आणखी मोठी. बाटलीच्या तळाशी बसलेला तो थर या चक्राची सुरुवात होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत पहिल्यांदाच भरत असताना फुटलं, तेव्हाही भराव खचला तो पाणी सोडण्याच्या मोरीवरच. तिथे मोरीचं बांधकामच कमकुवत होतं, कारण वेगळं होतं. पण मातीच्या बांधात आरपार काही टाकलं की नाजूक जागा तीच.

डिसेंबरात तळं कोरडं पडल्यावर दुरुस्ती झाली. पाइप उघडा करताना खड्ड्याच्या बाजू उभ्या न ठेवता एकास एक तिरक्या कापल्या. उभ्या बाजूंना नवी माती लोंबकळते आणि खाली पुन्हा पोकळी राहते. पाइपाखाली काँक्रीटची बैठक ओतली, पाइपाच्या निम्म्या उंचीपर्यंत, दोन्ही बाजू खाली रुंद होत जाणाऱ्या. काँक्रीट ओतताना ते एकाच बाजूने घालून दुसऱ्या बाजूला वर येईपर्यंत सळईने खोचलं, म्हणजे पोटाखाली हवा अडकत नाही. आराखड्यात पाइपाभोवती दोन उभी काँक्रीटची कडी होती, पाण्याची वाट लांबवण्यासाठी. ती काढून टाकली, कारण कड्याच्या कोपऱ्यात धुमस पोचत नाही आणि जिथे पाणी अडवायचं तिथेच माती सैल राहते.

बैठकीच्या कडेने काळी माती दहा-दहा सेंटिमीटरच्या थरांत धुमसाने दाबली. ओल तपासायची रीत तात्यांची: मुठीत गोळा दाबायचा. तो फुटला तर माती कोरडी, हाताला चिखल लागला तर जास्त ओली. गोळा टिकला आणि अंगठ्याने दाबल्यावर न तुटता चपटला तर बरोबर. ढेकूळ सुपारीपेक्षा मोठं दिसलं की फोडायचं.

शेवटचा भाग अभियंत्याचा. बांधाच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यात, पाइपाभोवती चहूबाजूंनी, मीटरभर जाड वाळूचा पडदा घातला आणि त्याचं पाणी खडीच्या नाळीने पायथ्याला काढलं. पुढे कधी फट पडलीच, तर तिच्यातून आलेली माती वाळूत अडकते आणि फट आपोआप बुजते. त्यासाठी वाळू धुतलेली हवी. भुकटी असलेली वाळू गोळा धरते आणि तिच्यातही फट उभी राहू शकते. म्हणून ग्लासात ओली वाळू दाबून तो पाण्याच्या घमेल्यात उपडा केला. पहिल्या ट्रकच्या वाळूचा मुटका तसाच उभा राहिला, ती परत पाठवली. दुसऱ्या ट्रकची पाणी लागताच पसरली.

पुढच्या पावसाळ्यात तळं त्याच २.४ मीटरला आलं तेव्हा खडीच्या नाळीतून येणाऱ्या पाण्याने बादली भरायला अर्धा तास लागला आणि बाटली नितळ होती. नोंदवहीत आता पाण्याची उंची आणि सेकंद आठवड्यातून एकदा लिहिले जातात. उंची तीच असताना सेकंद कमी होऊ लागले, तर झडप कुणी उघडायची, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे.