किटलीच्या झाकणाने इंजिन शोधलं नाही

चहाच्या किटलीचं झाकण थडथड उडताना पाहून छोट्या जेम्स वॉटला वाफेचं इंजिन सुचलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. पण वॉटचा जन्म 1736 चा, आणि इंग्लंडमध्ये डडलीजवळच्या एका कोळशाच्या खाणीतलं पाणी वाफेचं इंजिन 1712 पासूनच उपसत होतं. ते बांधणारा थॉमस न्यूकमेन हा डार्टमथ गावचा लोखंडी सामानाचा व्यापारी.

त्याच्याही आधी, 1698 मध्ये, थॉमस सेव्हरीने वाफेवर पाणी चढवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. त्यात दट्ट्या नव्हताच. भांड्यातली वाफ थंड करून पाणी आत ओढायचं आणि मग दाबाच्या वाफेने ते वर ढकलायचं, एवढंच. ओढण्याची मर्यादा जेमतेम आठ-नऊ मीटर, आणि त्याहून वर ढकलायला लागणारा दाब त्या काळच्या डाग देऊन जोडलेल्या सांध्यांना सोसत नसे. खोल खाणीत त्याचा निभाव लागला नाही. त्याआधी पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने वाफेवर गरगरणारा गोळा केला होता, पण त्याने कधी घागरभर पाणी उपसलं नाही. ('आपल्या ग्रंथांत हे आधीच होतं' असे संदेश फिरवणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा: पाणी किती उपसलं?)

आता माझा आवडता भाग. न्यूकमेनच्या इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलतच नाही, काम करते ती हवा! वर उघडा असलेला उभा सिलिंडर, त्यात दट्ट्या, आणि दट्ट्या साखळीने एका मोठ्या लाकडी तरफेला बांधलेला. तरफेच्या दुसऱ्या टोकाला खाणीतल्या पंपाचा जड दांडा. दांड्याच्या वजनाने दट्ट्या वर येतो आणि खालून साधारण हवेच्याच दाबाची वाफ सिलिंडरमध्ये भरते. मग वाफेची झडप बंद करून आत थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी होतं, पाण्याला जागा अगदीच थोडी लागते, आत जवळपास पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा दट्ट्या खाली दाबते.

डडलीच्या सिलिंडरचा व्यास 21 इंच, म्हणजे सुमारे 53 सेंटिमीटर. एवढ्या पृष्ठावर हवेचा भार भरतो जवळजवळ सव्वादोन टन. पण तो पूर्ण कधीच मिळत नसे. फवाऱ्याचं पाणी आत गरम होतं, आणि कमी दाबात कोमट पाण्याचीही वाफ होते, त्यामुळे पोकळी अर्धवट राहते. जास्त थंड पाणी मारलं तर पोकळी सुधारते, पण सिलिंडरही गार पडतो, आणि पुढच्या खेपेची बरीचशी वाफ त्या लोखंडी-पितळी भिंती तापवण्यातच विरून जाते. प्रत्येक भाकरीनंतर तवा नळाखाली धरावा, तसा हा प्रकार.

1763-64 च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकमेन इंजिनाचं छोटं मॉडेल दुरुस्तीसाठी वॉटकडे आलं. ते थोडे ठोके मारून थांबायचं, कारण सिलिंडर लहान झाला की आतल्या वाफेच्या मानाने भिंतींचा पृष्ठभाग वाढतो. मोठ्या इंजिनात झाकला जाणारा दोष इथे उघडा पडला. वॉटने वाफ मोजली. तिच्यात एवढी उष्णता होती की आपल्या वजनाच्या सुमारे सहापट थंड पाणी ती उकळीला आणू शकत होती. त्याच विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅकने त्याला सुप्त उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता वाफेत दडलेली उष्णता, समजावून सांगितला.

1765 मध्ये उत्तर सुचलं: वाफ सिलिंडरमध्ये थंड करायचीच नाही. शेजारी वेगळं थंड भांडं ठेवायचं, झडप उघडली की वाफ आपणहून तिकडे धावते आणि तिथे पाणी होते. त्या भांड्यातलं पाणी आणि शिरलेली हवा एक पंप बाहेर काढतो. सिलिंडर कायम गरम, भांडं कायम गार. दट्ट्यावरची गार हवाही नको म्हणून त्याने सिलिंडर वरून बंद केला आणि तिच्या जागी वाफ घेतली. 1769 मध्ये पेटंट मिळालं, पण नीट गोल सिलिंडर मिळेपर्यंत काम रखडलं. जॉन विल्किन्सनच्या भोकं कोरणाऱ्या यंत्राने तो प्रश्न सुटला आणि 1776 मध्ये पहिली इंजिनं सुरू झाली.

कोळसा जुन्या साध्या इंजिनाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आला. तरी कोळसा खाणींना घाई नव्हती, त्यांचा भुकटी कोळसा विकलाच जात नसे, आणि न्यूकमेनची इंजिनं तिथे पुढे कित्येक वर्षं धडधडत राहिली. गिऱ्हाइकं मिळाली कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींत, जिथे कोळसा जहाजाने आणावा लागे. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन तिथे वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा मागत, आणि खाणमालक तो देताना कुरकुरत.

जास्त दाबाच्या वाफेला मात्र वॉटचा विरोध होता, बॉयलर फुटतील म्हणून. 1800 मध्ये पेटंट संपलं आणि कॉर्नवॉलच्याच रिचर्ड ट्रेव्हिथिकने तो दाब वापरला. थंड भांडं काढून टाकलं, वापरलेली वाफ सरळ धुराड्यात सोडली. इंजिन एवढं आटोपशीर झालं की 1804 मध्ये ते वेल्समध्ये रुळांवर चालत होतं.