दात येणे आणि सर्दी: बाळाची लक्षणे

बाळाचा पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास खालच्या हिरडीतून, मधोमध येतो. आईच्या पोटात असताना मिळालेली प्रतिपिंडेही याच सुमारास ओसरलेली असतात. त्यातच बाळ हाताला लागेल ते तोंडात घालू लागते. त्यामुळे आजार आणि दात एकदमच दाराशी येतात आणि दोष दाताला जातो. जुलाबांचेही तसेच.

दाताची स्वतःची लक्षणे मोजकी आहेत. हिरडी सुजते आणि शिवशिवते, बाळ दिसेल ते चावते, किरकिर करते, लाळ गाळते. ओल्या हनुवटीवर पुरळही उठते. लाळ हा मात्र कच्चा पुरावा आहे, कारण ती तिसऱ्या महिन्यापासूनच गळू लागते. अमेरिकेत 125 बाळांवर झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा त्रास दात उगवण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या तीन दिवसांपर्यंतच दिसला. महिनाभर चाललेली कुरकुर एका दाताच्या माथी मारता येत नाही.

नाक वाहणे, शिंका आणि खोकला ही सर्दीची खूण. शेंबूड आधी पाण्यासारखा असतो, पुढे घट्ट आणि पिवळसर होतो. नाक चोंदलेले बाळ दूध ओढताना मध्येच सोडून श्वास घेते. हिरडी दुखणारे बाळ चोखायला लागताच रडते. सर्दी साधारण आठ-दहा दिवसांत उतरते.

दात येताना अंग किंचित कोमट लागू शकते, पण 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमान हा खरा ताप. हात लावून कणकण ठरवू नये. थर्मामीटर काखेत उघड्या त्वचेला टेकवून हात अंगालगत धरावा आणि बीप होईपर्यंत थांबावे. काखेतला आकडा शरीरातल्या तापमानापेक्षा थोडा कमीच येतो.

समजा, पुण्यातल्या एका घरात आठ महिन्यांच्या मुलीच्या खालच्या हिरडीत पांढरी कड दिसते आहे. दोन दिवस ताप 102 आहे, नाक कोरडे आहे, खोकला नाही. “दातांचा ताप आहे गं, उतरेल आपोआप,” असे आजी म्हणतात. दात खरा आहे, पण त्याने तापाचा उलगडा होत नाही, आणि सर्दीही नसल्याने हा ताप अधिकच संशयास्पद ठरतो. लहान मुलींमध्ये असा नुसताच ताप मूत्रमार्गाच्या संसर्गाचा असू शकतो, म्हणून डॉक्टर लघवी तपासायला सांगतात. डायपरमधून पिळलेला नमुना त्यासाठी चालत नाही. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूचाही विचार करावा लागतो. सर्दी असताना ताप आला आणि बाळ कान ओढून रडू लागले, तर कान तपासून घ्यावा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठावा. मोठे बाळही दूध घेईना, सुस्त पडले, श्वास घेताना बरगड्या आत ओढू लागले किंवा लघवी कमी झाली, तर थांबू नये. हिरडीला स्वच्छ बोटाने चोळणे किंवा थंड ओले फडके चावायला देणे पुरते. बेन्झोकेन असलेली बधिर करणारी जेल दोन वर्षांखालच्या बाळाला लावू नये. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते.