फ्लशचं बटण जड का होतं, आणि आतच का राहतं?

भिंतीतल्या कन्सील्ड टाकीचं बटण जड लागायला लागलं किंवा दाबल्यावर आतच राहिलं, की निकाल ठरलेला असतो: "स्प्रिंग गेली, प्लेट बदला." मी आजवर बटणं बसवलेल्या जेवढ्या प्लेटा भिंतीवरून उघडल्या, त्यांत स्प्रिंग खरोखर तुटलेली अगदी क्वचित सापडली. दोष बहुतेक वेळा प्लेटमागच्या पुश रॉडचा असतो. तो कुठे आहे हे बोटाला कळतं, फक्त काय शोधायचं ते माहीत हवं.

आधी आतली रचना पाहू. बटणामागे प्लास्टिकचा एक रॉड असतो. हाफ आणि फुल अशी दोन बटणं असतील तर रॉडही दोन. हे रॉड टाकीच्या खिडकीवर बसवलेल्या संरक्षक पत्र्याच्या भोकांतून आत जातात. हा पत्राही प्लास्टिकचाच असतो आणि त्या भोकांना आपण गाईड म्हणू. रॉडचं आतलं टोक एका तरफेवर, म्हणजे रॉकरवर टेकतं. रॉड आत गेला की रॉकरचं दुसरं टोक वर उठतं आणि तळाचा व्हॉल्व्ह उचलला जातो.

बटणाला मुळात जोर लागतो तो पाण्यामुळे. तळाचं भोक सुमारे 6 सेंटीमीटर व्यासाचं आणि त्यावर 20 सेंटीमीटर पाणी आहे असं धरलं, तर रबरी सीलवर साधारण साडेपाच न्यूटन बल पडतं. म्हणजे अर्ध्या किलोहून थोडं जास्त वजन सीलवर ठेवल्यासारखं. मात्र सील जागेवरून जरासा उचलला की पाणी खाली शिरतं, वरखालच्या दाबातला फरक झपाट्याने कमी होतो आणि बटण एकदम हलकं होतं. धडधाकट फ्लशचं लक्षण हेच: सुरुवातीला थोडा विरोध, मग सुटल्यासारखं वाटणं. बटण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच जड लागत असेल, खरखरत असेल, तर ते पाण्याचं काम नाही. ते घर्षण आहे.

याची खात्री करायला बाथरूमचा कॉक बंद करून फ्लश करा आणि टाकी रिकामी झाल्यावर पुन्हा बटण दाबा. आता सीलवर पाण्याचं वजन नाही. तरीही बटण तेवढंच जड असेल, तर व्हॉल्व्हच्या वाटेला न जाता थेट प्लेट आणि रॉडकडे वळा.

बटण परत का येत नाही, याचं उत्तरही घर्षणातच आहे. दाबताना आपलं बोट हवा तेवढा जोर लावतं, त्यामुळे थोडंफार घर्षण जाणवतसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर मात्र बोट नसतं. तिथे प्लेटमधली नाजूक स्प्रिंग आणि खाली बसणाऱ्या रॉकर-व्हॉल्व्हचं वजन एवढंच बळ असतं. म्हणून एकच दोष आधी न परतणाऱ्या बटणातून दिसतो आणि जडपणा नंतर जाणवतो.

आता माझ्या आवडीचा भाग. रुंद ड्रॉवर एकाच कोपऱ्याला धरून ओढला तर तो तिरका होऊन अडकतो. जोर वाढवला तर आणखीच घट्ट बसतो. सरळ आत सरकणाऱ्या बटणाचंही हेच होतं. बटण कोपऱ्यात दाबलं की ते गाईडमध्ये किंचित कलतं आणि गाईडच्या दोन समोरासमोरच्या कडांवर टेकतं. जोर जितका मध्यापासून दूर, तितक्या त्या कडा जास्त दाबल्या जातात आणि घर्षणही तितकंच वाढतं. गणित मांडलं तर गाईडची लांबी L, घर्षणांक μ आणि मध्यापासूनचं अंतर a असताना अडकण्याची अट निघते:

a > L / 2μ

यात बोटाचा जोर कुठेच नाही! तो दोन्ही बाजूंनी छेदला जातो. म्हणूनच अडकलेलं बटण जास्त जोराने दाबून सुटत नाही. गाईड 10 मिलिमीटर लांब असेल आणि स्वच्छ प्लास्टिकचा घर्षणांक 0.2 धरला, तर मध्यापासून 25 मिलिमीटरपर्यंत कुठेही दाबलं तरी चालतं. क्षार बसून घर्षणांक 0.4 झाला की ही मर्यादा साडेबारा मिलिमीटरवर येते. कालपर्यंत जिथे दाबत होतो तिथेच दाबूनही आज बटण अडकतं ते यामुळे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. एका मित्राकडे जुन्या टाइलवरच नवी टाइल लावली होती. त्यामुळे प्लेट जवळपास सेंटीमीटरभर बाहेर आली. रॉड अंदाजाने लांब केले होते. छोटं बटण ठीक चालत होतं, मोठं मात्र खोलवर जाऊन चौकटीच्या कडेखाली अडकायचं.

प्लेट काढली आणि एकेक रॉड बोटाने दाबून पाहिला. छोटा लगेच परतला, मोठा रेंगाळला. मग संरक्षक पत्रा काढून रॉकर थेट दाबला, तर तो अगदी मोकळा. म्हणजे प्लेट आणि रॉकर यांच्या मधल्या टप्प्यात काहीतरी होतं. मोठ्या रॉडच्या गाईडमध्ये टाइलच्या चिकट सिमेंटचा वाळलेला कण आणि पांढऱ्या क्षाराची कड सापडली. पत्रा आणि रॉड बाहेरच व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवले, जुन्या टूथब्रशने घासले, पाण्याने धुतले. रॉड मोकळा सरकू लागला.

लांबीचा प्रश्न अजून बाकी होता. ती नजरेने ठरवता येत नाही, कारण प्लेट बसली की आतलं काही दिसत नाही. मी मुलांच्या खेळण्यातल्या मातीची छोटी गोळी प्रत्येक रॉडच्या बटणाकडच्या टोकाला चिकटवली, प्लेट हलकेच बसवली आणि बटणांना हात न लावता पुन्हा काढली. दबलेल्या मातीची जाडी म्हणजे बटण आणि रॉड यांच्यातलं अंतर. छोट्याचं दीड मिलिमीटर निघालं, मोठ्याचं सहा. हे अंतर एक ते दोन मिलिमीटर हवं. म्हणजे मोठा रॉड साडेचार मिलिमीटर लांब करायचा. त्याचे आटे मोजले तर एका पूर्ण फेऱ्यात टोक दीड मिलिमीटर सरकत होतं, म्हणून तीन फेरे. तुमच्याकडे आटे वेगळे असतील, तेव्हा आधी दहा फेरे फिरवून पट्टीने मोजा आणि दहाने भागा. काही रॉडना आटे नसतात, खाचा असतात किंवा ते कापून बसवतात. तिथे जास्त कापू नका, कापलेलं परत जोडता येत नाही.

उलट चूकही तितकीच त्रासदायक आहे. माती पूर्ण चपटी झाली तर रॉड लांब आहे. मग बटण न दाबताही रॉड रॉकरला रेटत राहतो, सील नीट बसत नाही आणि भांड्यात पाण्याची बारीक धार चालू राहते. बटणाला जराही मोकळी चाल नाही आणि पाणी झिरपतंय, अशी जोडी दिसली की रॉड कमी करा.

दोन गोष्टी मात्र करू नका. बटण सुटावं म्हणून खाण्याचं किंवा मशीनचं तेल सोडू नका. ते ओघळून टाकीत पोचतं आणि खनिज तेलाने टाकीतलं रबर फुगू शकतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस, तेही पुसट. दुसरं म्हणजे टाकीत टाकायच्या "सगळं साफ करणाऱ्या" गोळ्या. त्यांतल्या ब्लीचमुळे रबर कडक होऊन तडकतं, आणि गाईडमधला क्षार जागचा हलत नाही, कारण गाईड पाण्याच्या पातळीच्या वर असतो.

प्लेटचे स्क्रू आवळतानाही जपा. टाइल सपाट नसेल तर घट्ट आवळल्यावर चौकट पिळते आणि बटण पुन्हा तिरकं होतं. मित्राच्या त्या प्लेटचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल केल्यावरच मोठं बटण टक् आवाज करत बाहेर आलं. मग टाकी भरू दिली, भांड्याची आतली मागची बाजू कोरडी पुसून तिथे टिश्यू पेपर चिकटवला आणि अर्ध्या तासाने पाहिला. कोरडा होता.