दोनशे मिलिसेकंदांत दिलेलं ‘हो’

गोव्यात हॉटेलांपासून औषधांच्या कारखान्यांपर्यंत, जिथे माणसं पाळीत काम करतात तिथे हल्ली संवादकौशल्याची ट्रेनिंगं होत असतात. त्यांत एक स्लाइड बऱ्याचदा दिसते : संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. ही स्लाइड दिसली की मला राग येतो. आकडे आले आहेत ते आल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांमधून. तिथे लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल काय वाटत असेल? शब्द एक सांगतो आणि स्वर दुसरंच, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढाच प्रश्न होता. सगळ्या संवादाला हे आकडे लागू नाहीत, असं मेहरेबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलेलं आहे. ‘पाकिटं सील करायच्या मशीनचं तापमान वाढवलंय’ हे वाक्य देहबोलीतून सांगता येत नाही. कामाच्या ठिकाणी जे गोंधळ होतात ते बहुतेक शब्दांतच होतात आणि ते शब्दांनीच सोडवावे लागतात.

ते सोडवण्याची एक जुनी रीत म्हणजे ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी ती समुपदेशनाच्या खोलीतून कामाच्या जागी आणली. १९५२ साली त्यांनी एक साधा नियम सुचवला होता. वाद सुरू असेल तर आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडून दाखवायचं आणि तो ‘हो, असंच’ म्हणाला तरच पुढे बोलायचं. एकदा करून बघा, फार जड जातं. ते का जड जातं, याचं उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या संशोधनात आहे, आणि या सगळ्या विषयातला तोच भाग मला सर्वांत आवडतो.

दोन माणसं बोलत असतात तेव्हा एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत किती वेळ जातो? नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं मोजली. त्यांत जपानी होती, डॅनिश होती, मेक्सिकोतल्या आणि आफ्रिकेतल्या लहान समाजांच्या भाषाही होत्या. सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भाषेभाषेत फरक होता, पण तो थोडा. आता दुसरी मोजणी बघा. एखादं चित्र दाखवून त्याचं नाव विचारलं, तर चित्र दिसल्यापासून तोंडातून पहिला शब्द फुटेपर्यंत साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. पूर्ण वाक्य जुळवायचं तर त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

६०० मिलिसेकंदांचं काम २०० मिलिसेकंदांत होणार कसं? समोरचा बोलत असतानाच ते सुरू झालेलं असेल तरच होईल. ते नेमकं कधी सुरू होतं, हे २०१५ साली त्याच संस्थेत मेंदूच्या विद्युतलहरी मोजून पाहिलं गेलं. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले. काही प्रश्नांत उत्तराची किल्ली मधेच येत होती : ‘००७ म्हणूनही ओळखलं जाणारं कोणतं पात्र प्रसिद्ध चित्रपटांत दिसतं?’ काहींत ती अगदी शेवटी होती : ‘प्रसिद्ध चित्रपटांतलं कोणतं पात्र ००७ म्हणूनही ओळखलं जातं?’ किल्ली कानावर पडल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत उत्तराच्या तयारीच्या खुणा दिसू लागल्या. पहिल्या प्रकारात प्रश्न तेव्हा अजून चालूच होता. म्हणजे त्या माणसाचे कान प्रश्नाची शेपटी ऐकत होते आणि मेंदू उत्तर जुळवत होता.

यात त्या माणसाचा दोष काहीच नाही. बोलणं इतकं झरझर चालतं ते याच व्यवस्थेमुळे. पण लक्ष एकच असतं आणि ते दोन कामांत वाटलं जातं. इथे माझा एक अंदाज सांगतो. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. ‘पाठवू नको’, ‘लागणार नाही’, ‘झालेलं नसलं तर’ हे सगळं वाक्याच्या टोकाला, म्हणजे ऐकणारा आपलं ‘हो’ तयार करण्यात गुंतलेला असतो नेमका त्याच क्षणी येतं. मराठी बोलणाऱ्यांवर हे कोणी मोजलेलं माझ्या वाचनात नाही, पण पाळी बदलताना दिलेले निरोप लक्ष देऊन ऐकले तर हे जाणवतं.

एक प्रसंग धरून चालू. कुंडईकडच्या एखाद्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरणारी लाइन आहे. दुपारी तीनला पाळी बदलते. दीड वाजता लीक टेस्ट झाली. या चाचणीत पाकिटं निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून वरची हवा ओढून घेतात. सील कच्चं असेल तर रंग आत शिरतो. दोन पाकिटांत निळं दिसलं. सुपरवायझरने सीलिंगचं तापमान वाढवलं, आधीचा माल क्रेटमध्ये बाजूला ठेवला, आणि निघता निघता नव्या पाळीच्या ऑपरेटरला सांगितलं : ‘लीक टेस्टमध्ये दोन गेली. आधीचा माल बाजूला काढलाय, तापमान वाढवलंय. क्यूएचा निरोप येईपर्यंत तो माल पुढे सोडू नको.’ क्यूए म्हणजे मालाचा दर्जा तपासणारा विभाग.

ऑपरेटर म्हणाला, ‘हो बाब, कळलं.’ आणि त्याला खरंच कळलं होतं. ‘तो माल’ म्हणजे बाजूला ठेवलेले क्रेट. सुपरवायझरच्या डोक्यात मात्र ‘तो माल’ म्हणजे क्रेटमधला आणि आत्ता लाइनवरून निघणारासुद्धा, कारण नव्या तापमानावरची चाचणी अजून पास झालेली नव्हती. दोघेही नि:शंक होते. शिकागो विद्यापीठातल्या कैसार आणि हेन्ली यांनी २००२ साली हेच तपासलं होतं. दुहेरी अर्थाची वाक्यं बोलायला दिली, तेव्हा ऐकणाऱ्याला चुकीचा अर्थ लागला तरी जवळजवळ निम्म्या वेळा बोलणाऱ्याला वाटलं की पोचलं. आपल्या मनातला अर्थ आपल्याला इतका लख्ख दिसतो की वाक्यातली फट दिसतच नाही.

आता ऑपरेटरने ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे वाक्य परत म्हटलं असं समजा : ‘क्यूएचा निरोप येईपर्यंत तो माल पुढे सोडत नाही.’ सुपरवायझर मान डोलावणार आणि बाइक काढणार. ‘तो माल’ जसा आला तसाच परत गेला. पोपटपंचीने गैरसमज पकडला जात नाही, कारण खरा अर्थ लागलेला माणूस आणि चुकीचा लागलेला माणूस दोघेही तेच वाक्य म्हणू शकतात.

उलट तो असं म्हणाला तर? ‘बाब, म्हणजे लाइन चालू ठेवायची, बाजूचे क्रेट हलवायचे नाहीत, आणि आत्ता निघतोय तो माल कार्टनमध्ये भरायचा, बरोबर?’

‘नको नको! आत्ताचासुद्धा क्रेटमध्येच भर. टेस्ट पास झाली की मग कार्टन.’

या वाक्यात विशेष काय आहे? त्यात खोटं ठरू शकेल असं काहीतरी आहे. शाळेत आपण शिकतो की जो प्रयोग फसूच शकत नाही तो काही सिद्ध करत नाही. इथेही तोच न्याय. ऐकणाऱ्याने आपला अर्थ पुढच्या कृतीच्या रूपात मांडला : कुठला माल, कुठे, कधीपर्यंत. म्हणून चूक उघडी पडली. आणि असं वाक्य जुळवायचं तर मूळ वाक्याची शेपटी ऐकावीच लागते. उत्तराची तयारी तशीही होणारच असते. ती तयारी आता ऐकलेल्या गोष्टीचीच होते.

रोजच्या बोलण्यात आपण हे थोडंफार करतोच. बारा भाषांतल्या गप्पांच्या २०१५ सालच्या एका अभ्यासात सरासरी दर दीड मिनिटाला कोणीतरी समोरच्याला थांबवून खुलासा मागताना आढळलं. असं विचारण्याचे ढोबळ प्रकार तीन : ‘काय?’, ‘कुठला माल?’ आणि ‘आत्ताचा मालसुद्धा?’ जमेल तिथे माणसं तिसऱ्या, नेमक्या प्रकाराकडेच झुकतात. पण मनात शंका आली तरच आपण विचारतो. आमच्या ऑपरेटरला शंकाच आली नव्हती. म्हणून शंका नसताना परत सांगण्याची सवय लावून घ्यावी लागते. प्रत्येक वाक्याला नव्हे, नाहीतर कोणी आपल्याशी बोलणार नाही. पाळी बदलताना, आकडा, तारीख किंवा अट आली की, आणि ‘तो’, ‘ते’, ‘नेहमीसारखं’ असे शब्द आले की.

आपली पद्धत नीट चालली आहे की नाही, हे ओळखायची एक खूण आहे. आठ-पंधरा दिवस परत सांगूनही एकदासुद्धा ‘नाही, तसं नव्हे’ ऐकू आलं नाही, तर बहुधा आपण पोपटासारखं बोलतो आहोत, किंवा समोरचा न ऐकताच ‘हो’ म्हणतो आहे. दमलेला साहेब ‘बरोबर?’ला ‘बरोबर’च म्हणतो. त्याच्यापुढे शेवटचा तुकडा मोकळा सोडावा : ‘आणि आत्ताचा माल कुठे ठेवू?’ याला मान डोलावून उत्तर देता येत नाही.

साहेबाने परत वदवून घ्यायचं असेल तर जास्त जपावं लागतं. ‘मी काय सांगितलं ते बोलून दाखव’ म्हटलं की समोरच्याची परीक्षा होते आणि तो शब्दशः पाठ म्हणतो. रुग्णाला औषधाची माहिती देताना डॉक्टर हीच पद्धत वापरतात तेव्हा चुकीचा भार स्वतःकडे घ्यावा असं त्यांना शिकवलं जातं : ‘मी गडबडीत सांगितलं, काही राहिलं असेल; आता तू पहिल्यांदा काय करशील ते सांग.’ प्रश्न कृतीबद्दलच, फक्त मान राखून.

या पद्धतीकडून भलतं काही मागू नये. ‘परत सांगितलं की समोरच्याला आपण समजून घेतल्यासारखं वाटतं’ असं ट्रेनिंगमध्ये छातीठोकपणे सांगतात. अमेरिकेत २०१० साली विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात बोलणं आपल्या शब्दांत परत मांडणारा श्रोता लोकांना जास्त आवडला, पण ‘याला माझं म्हणणं कळलं’ ही भावना किंवा संभाषणाचं समाधान काही वाढलेलं दिसलं नाही. ‘दर रविवारी माझीच ड्यूटी लावता’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला ‘म्हणजे तुझे लागोपाठ सगळे रविवार गेले’ असं म्हटलं, तर नेमकी तक्रार काय ती दोघांपुढे येते. त्याचा राग मात्र ड्यूटीचा तक्ता बदलल्यावरच जाईल.