डूमच्या पिस्तुलाचा आवाज आणि वॅड फाइलची गोष्ट

गेममधला एखादा आवाज बाहेर काढायचा, बदलायचा आणि छोटा मॉड, म्हणजे खेळाडूने गेममध्ये केलेला बदल, म्हणून परत बांधायचा, हे आज अर्ध्या तासाचं काम आहे. ते इतकं सोपं होण्यामागे १९९३ मध्ये फाइलच्या रचनेबद्दल घेतलेला एक निर्णय आहे.

त्याच्या आदल्या वर्षी इड सॉफ्टवेअरचा वुल्फेन्स्टाइन ३डी आला होता. त्याची भिंतींची चित्रं, सैनिक आणि ध्वनिमुद्रित आवाज VSWAP नावाच्या एकाच फाइलमध्ये होते. हौशी खेळाडूंनी ती फाइल फोडून आपली चित्रं घातली खरी, पण ती मूळ फाइलवरच लिहावी लागत. मूळ प्रत जपून ठेवली नसेल तर मूळ गेम गेला, आणि दोघांचे बदल एकत्र चालवणंही कठीण.

खेळाडूंचा हा खटाटोप इडचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याला आवडला. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या डूममध्ये त्याने गेमचा सगळा माल गेम चालवणाऱ्या इंजिनापासून वेगळा करून वॅड फाइलमध्ये ठेवला. हे नाव ‘व्हेअर्स ऑल द डेटा’ची आद्याक्षरं जोडून झालं आहे. मूळ गेमची फाइल ती आयवॅड आणि खेळाडूने केलेली ती पीवॅड. फाइलच्या पहिल्या चार अक्षरांतच ही ओळख लिहिलेली असते.

वॅडची रचना इतकी साधी आहे की ती कागदावर मांडता येते. सुरुवातीला १२ बाइटचं शीर्षक, मग माल, आणि बहुधा शेवटी अनुक्रमणिका. मालाच्या प्रत्येक तुकड्याला लंप म्हणतात. अनुक्रमणिकेत दर लंपमागे १६ बाइट: तो कुठे सुरू होतो, किती लांब आहे आणि त्याचं जास्तीत जास्त आठ अक्षरांचं नाव. नाव शोधताना इंजिन यादी शेवटाकडून वाचतं. पीवॅड मागाहून जोडली जाते, म्हणून एकाच नावाचे दोन लंप असले तर तुमचा आधी सापडतो. मूळ फाइलला हातही लागत नाही. मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

पिस्तुलाचा आवाज DSPISTOL या लंपमध्ये असतो. त्याऐवजी टाळीचा अर्ध्या सेकंदाचा आवाज घालायचा आहे असं समजू. डूमचा आवाज एका चॅनेलचा, ८ बिटचा आणि सहसा सेकंदाला ११,०२५ नमुन्यांचा असतो. आधी sox या ध्वनिसाधनाने तो तसा करून घ्यायचा:

```
sox tali.wav -r 11025 -c 1 -b 8 -e unsigned-integer tali8.wav
```

मग स्लेडसारख्या एडिटरमध्ये नवी वॅड उघडून ही फाइल आत घ्यायची, डूमच्या ध्वनिप्रकारात बदलायची आणि लंपला DSPISTOL नाव द्यायचं. अर्ध्या सेकंदाचे साधारण ५,५१२ नमुने, दोन्ही टोकांना १६-१६ बाइट भरणी आणि ८ बाइट शीर्षक मिळून ५,५५२ बाइटचा लंप होतो. वॅडचं शीर्षक आणि अनुक्रमणिकेची एक ओळ धरली की अख्खा मॉड ५,५८० बाइटचा. ही वॅड tali.wad नावाने जतन करून -file ने गेमला जोडायची:

```
doom2 -file tali.wad
```

नावात एक अक्षर चुकलं तर गेम तक्रार करत नाही, जुनाच आवाज येतो. तेव्हा आधी नाव तपासावं. टाळी दुप्पट लांब आणि घोगरी ऐकू आली, तर मूळ मुद्रण २२,०५० नमुन्यांचं आहे आणि लंपच्या शीर्षकात ११,०२५ लिहिलंय.

राक्षसांच्या चित्रांना, म्हणजे स्प्राइटना, हा सरळ मार्ग नव्हता. S_START आणि S_END या दोन खुणांच्या मधले लंप इंजिन एका सलग पट्ट्यात वाचत असे. तुमच्या फाइलमध्ये या खुणांसह चारच चित्रं असली, तर त्याला तेवढीच दिसत आणि बाकीची गायब होत. सगळी चित्रं भरून वाटणं म्हणजे इडचा माल वाटणं. म्हणून १९९४ मध्ये ऑलिव्हिए मॉन्तान्वीच्या ड्यूटेक्ससारखी साधनं आली. ती खेळाडूच्याच संगणकावर त्याच्याच आयवॅडशी नवी चित्रं जोडून देत, त्यामुळे वाटायला फक्त स्वतःची चित्रं पुरत. १९९७ च्या अखेरीस डूमचा सोर्स कोड खुला झाला आणि त्या कोडवरून इतरांनी बनवलेल्या आवृत्त्यांनी, म्हणजे सोर्स पोर्टांनी, ही अडचण इंजिनातच सोडवली.

मॉडना इडने एक अट मात्र घातली होती. फुकट वाटलेल्या शेअरवेअर प्रतीत -file दिलं की गेम थांबून सांगे: `You cannot -file with the shareware version. Register!` मॉड वापरायचा तर गेम विकत घ्या, हा सौदा मला रास्त वाटतो.

१९९६ च्या क्वेकमध्ये वॅडची जागा प्रामुख्याने पाक फाइलने घेतली. अनुक्रमणिकेतली नावाची जागा ५६ अक्षरांची झाली, त्यामुळे फोल्डरसकट नावं लिहिता आली. १९९९ च्या क्वेक ३ मध्ये पीके३ आली, जी खरं तर साधी झिप फाइल आहे. ती उघडायला खास साधन लागत नाही. तिथे वर्णक्रमाने नंतर येणारी फाइल जिंकते, आणि म्हणूनच त्या काळच्या कितीतरी मॉडची नावं z ने सुरू होतात.